एवढे पुट घेणाऱ्याला काहीतरी माहीत असणारच का?

प्रश्न: मी अमेरिकन शेअर्समध्ये गुंतवणूक करतो. काल ॲपवर ‘अनयूज्वल ॲक्टिव्हिटी’चा लाल अलर्ट आला. शेअर 50 डॉलरवर होता आणि दोन महिन्यांनी संपणारे 45 चे 12,000 पुट एकाच सौद्यात 1.20 ला गेले. ओपन इंटरेस्ट, म्हणजे आधीपासून उघडे असलेले कॉन्ट्रॅक्ट, जेमतेम 800. म्हणजे कुणीतरी 14.4 लाख डॉलर लावले. एवढे पैसे उगाच कोण लावेल? त्याला काहीतरी माहीत असणारच ना? हा शेअर माझ्याकडे आहे. विकू का, की मीही पुट घेऊ?

उत्तर: 14.4 लाख डॉलर कुणी उगाच लावत नाही, हे तुमचं बरोबर आहे. अडचण वेगळी आहे. त्या माणसाच्या खात्यात या पुटांखेरीज आणखी काय आहे, हे तुम्हालाही दिसत नाही आणि ॲपलाही नाही. पुट म्हणजे ठरलेल्या भावाने शेअर विकण्याचा हक्क, आणि त्याचा अर्थ तर त्याच्या जोडीला काय ठेवलंय त्यावरच ठरतो. त्यामुळे शेअर विकायचा की नाही, याचं उत्तर या एका सौद्यातून निघत नाही. तरी सौदा अगदीच निरुपयोगी नाही. त्यातून किती काढता येतं आणि कुठे थांबावं लागतं, ते लिहितो. मी बरीच वर्षं ऑप्शन डेस्कवर काढली, आणि तीही बहुतेक वेळा अशा सौद्यांच्या दुसऱ्या बाजूला, म्हणजे भाव देणाऱ्याच्या खुर्चीत. तिथून जे दिसतं तेच सांगतो.

आधी अलर्ट कशावरून बनतो ते पाहू. अमेरिकेतल्या सगळ्या ऑप्शन एक्स्चेंजांवरचे सौदे ओप्रा नावाच्या एका सामाईक फीडवर येतात. त्यात असतं ते एवढंच: कुठलं कॉन्ट्रॅक्ट, किती, कोणत्या भावाने, किती वाजता, कोणत्या एक्स्चेंजवर, आणि सौदा कोणत्या प्रकारचा होता त्याचा एक कोड. पुढाकार खरेदीदाराचा होता की विक्रेत्याचा, हे त्यात नसतं. नवी पोझिशन उघडली की जुनी बंद केली, हे नसतं. नाव तर नसतंच.

मग ॲपने ‘पुट खरेदी’ म्हणून लाल रंग कशावरून दिला? अंदाजाने. सौद्याच्या क्षणी बिड, म्हणजे घेणाऱ्यांचा भाव, आणि आस्क, म्हणजे विकणाऱ्यांचा भाव, काय होते ते ॲप बघतं. समजा 1.10 आणि 1.20 होते. सौदा 1.20 ला झाला, म्हणजे आस्कला झाला, म्हणजे घेणाऱ्याने पुढाकार घेतला, असा तो हिशेब. दहा-वीस कॉन्ट्रॅक्टच्या सौद्याला हा हिशेब बऱ्यापैकी चालतो. बारा हजारांच्या सौद्याला तो डळमळतो, कारण एवढा मोठा सौदा बहुतेकदा स्क्रीनवर जुळतच नाही. तो आधी बोलून ठरतो आणि मग एक्स्चेंजवर नोंदला जातो. नोंद होईपर्यंत स्क्रीनवरचा भाव पाच-दहा सेंट इकडेतिकडे झालेला असू शकतो. शिवाय सौदा शेअर्ससकट ठरला असेल, तर पुटाचा भाव शेअरच्या ठरवलेल्या भावाशी बांधलेला असतो. त्याची स्क्रीनवरच्या आस्कशी तुलना करून फारसं काही कळत नाही.

डेस्कवर हे कसं होतं ते सांगतो. ब्रोकरचा फोन किंवा मेसेज येतो: या शेअरचे, अमुक महिन्याचे 45 चे पुट, 12,000, भाव काय? तो ‘माझ्या ग्राहकाला घ्यायचे आहेत’ असं सांगत नाही. तो दोन्ही बाजूंचा भाव मागतो, म्हणजे आपण किती भावाने घेऊ आणि किती भावाने देऊ. ग्राहकाची बाजू आधीच कळली तर आपण भाव सरकवू, हे त्याला माहीत असतं. आपण 1.08 ला घेतो, 1.22 ला देतो असं सांगतो. घासाघीस होते आणि 1.20 ला आपण विकतो. सौदा झाल्यावर ग्राहक घेणारा होता एवढं आपल्याला कळतं. तो कोण होता आणि का घेत होता, हे तेव्हाही कळत नाही. म्हणजे ज्याने ते 12,000 पुट प्रत्यक्ष विकले, त्यालाही तुमच्या प्रश्नाचं उत्तर माहीत नसतं. ॲपकडे तर विकणाऱ्याच्याही निम्मीच माहिती आहे.

आता धरून चालू की ॲपचा अंदाज बरोबर आहे: खरेदीच झाली आणि नवी पोझिशन उघडली. तरीही या एकाच नोंदीमागे अगदी वेगवेगळी माणसं असू शकतात. आकडे मांडून बघू.

पहिला माणूस एका फंडाचा व्यवस्थापक आहे. त्याच्याकडे याच कंपनीचे 12 लाख शेअर आहेत, 50 च्या भावाने 6 कोटी डॉलरचे. एक कॉन्ट्रॅक्ट म्हणजे 100 शेअर, तेव्हा 12,000 पुट म्हणजे नेमके 12 लाख शेअर. त्याने 6 कोटींच्या मालावर 14.4 लाखांचा, म्हणजे 2.4 टक्क्यांचा विमा उतरवला. दोन महिन्यांत शेअर 45 च्या खाली गेला तर पुढचं नुकसान पुट भरून काढतील. शेअर 60 झाला तर त्याला 1.2 कोटी डॉलर मिळतील आणि 14.4 लाख गेल्याचं त्याला काहीच वाटणार नाही. या माणसाला शेअर वर जायला हवा आहे. तसं नसतं तर त्याने पुट घेण्याऐवजी सरळ शेअर विकले असते. पुट घेणं हेच इथे शेअर न विकण्याच्या निर्णयाचा भाग आहे. त्याच्या मागोमाग तुम्ही नुसते पुट घेतलेत आणि शेअर 60 झाला, तर तो खूश असेल आणि तुमचं प्रीमियम शून्य झालेलं असेल. सौदा एकच, पण तुम्ही त्याच्या बाजूला कधी नव्हताच.

दुसरा माणूस व्होलॅटिलिटीचा व्यापारी आहे, आणि मला वाटतं बाहेरून बघणारे सर्वांत जास्त चुकतात ते याच्या बाबतीत. या पुटाचा डेल्टा साधारण 0.23 येतो, म्हणजे शेअर एक डॉलर पडला तर पुट सुमारे 23 सेंटने महागतो. 12 लाखाला 0.23 ने गुणलं की 2,76,000 शेअर. या माणसाने पुट घेताना त्याच क्षणी 2,76,000 शेअरही विकत घेतले. आता शेअर थोडा खाली गेला तर पुटातला फायदा आणि शेअरमधला तोटा एकमेकांना खातात. थोडा वर गेला तरी तेच, फक्त उलट दिशेने. त्याला दिशेशी देणंघेणं नाही. त्याचं म्हणणं एवढंच आहे की या शेअरची येत्या दोन महिन्यांतली हालचाल बाजार समजतोय त्यापेक्षा मोठी असेल.

किती मोठी? समजा थोड्याच दिवसांत शेअर 44 वर आला. पुट सव्वातीन डॉलरच्या आसपास जाईल. पुटात सुमारे 24.6 लाखांचा फायदा, शेअरमध्ये 16.56 लाखांचा तोटा, हाती राहतात 8 लाख. आता उलट बघा. शेअर 56 वर गेला. शेअरमध्ये 16.56 लाख मिळाले. पुटात जास्तीत जास्त जातील ते भरलेले 14.4 लाख. म्हणजे कमीत कमी दोन लाखांचा फायदा, तोही शेअर बारा टक्के वर गेल्यावर. ज्याला ॲपने मंदीवाला म्हणून लाल रंगवलं तो तेजीतही कमावतो. तो हरतो केव्हा? शेअर दोन महिने पन्नासच्या आसपास घुटमळत राहिला तर.

याच हिशेबाची दुसरी बाजू मार्केट मेकरची, म्हणजे भाव देणाऱ्या डेस्कची. त्याने पुट विकले आणि ग्राहकाने सोबत शेअर घेतले नाहीत, तर मार्केट मेकरला स्वतःचा धोका काढण्यासाठी 2,76,000 शेअर बाजारात विकावे लागतात. ते 1.38 कोटी डॉलरचे शेअर आहेत. कंपनी मध्यम आकाराची असेल तर तेवढ्यानेही भाव अर्धा-एक टक्का दबतो. अलर्ट येतो, मिनिटभरात शेअर घसरतो, आणि बघणाऱ्याला वाटतं, बघा, सिग्नल खरा निघाला. ती घसरण त्या पुटांच्याच हेजिंगची असते. बातमीचा तिच्याशी काही संबंध असेलच असं नाही, आणि विक्री संपली की भाव कित्येकदा परत येतो.

बाकीच्या शक्यता थोडक्यात सांगतो. कुणाकडे याच कंपनीचे परिवर्तनीय रोखे असतील आणि कंपनी बुडण्याच्या धोक्यावर पुट हा त्यांचा आडोसा असेल. कुणाकडे जवळच्या मुदतीचे पुट आधीपासून असतील आणि त्याने ते विकून पुढच्या महिन्यात सरकवले असतील. तेव्हा नवीन मत काहीच नाही, जुनीच पोझिशन पुढे नेली. कुणी 45 चे घेऊन 40 चे विकले असतील. आणि हो, शेअर पडणार असं खरोखर वाटणारा, दुसरं काहीही जवळ नसलेला माणूसही असू शकतो. तुम्ही गृहीत धरलेला तो हाच. पण तो पाच-सहा जणांपैकी एक आहे आणि तुमच्या स्क्रीनवर हे सगळे एकसारखेच दिसतात.

जिथे हेतू उघडपणे माहीत आहे अशा मोठ्या सौद्याचं एक उदाहरण देतो, म्हणजे बाहेरून अर्थ लावताना किती गफलत होऊ शकते ते दिसेल. जेपी मॉर्गनचा हेज्ड इक्विटी फंड 2013 च्या डिसेंबरात सुरू झाला. हा फंड अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांचे शेअर धरतो आणि दर तिमाहीच्या अखेरीस एस अँड पी 500 निर्देशांकावर तीन ऑप्शन एकदम करतो: बाजाराच्या सुमारे पाच टक्के खालचा पुट घेतो, सुमारे वीस टक्के खालचा पुट विकतो, आणि या विम्याचा खर्च निघेल अशा बेताने वरचा कॉल, म्हणजे ठरलेल्या भावाने खरेदीचा हक्क, विकतो. फंड मोठा असल्यामुळे हे सौदे हजारो कॉन्ट्रॅक्टचे असतात आणि सगळ्या अलर्टांत झळकतात. यातली पुटाची खरेदी एकटी बघितली तर कुणीतरी बाजार कोसळण्यावर पैसे लावलेत असं वाटेल. कॉलची विक्री एकटी बघितली तर बाजार इथून वर जाणार नाही असं कुणी ठरवल्यासारखं दिसेल. खरं तर त्या दिवशी फंडाच्या व्यवस्थापकाचं बाजाराबद्दल काय मत आहे, याचा या सौद्याशी संबंध नाही. तारीख आली, मुदत संपली, पुढची तिमाही बांधली. हे आपल्याला कळतं ते केवळ फंडाला आपलं धोरण माहितीपत्रकात छापावं लागतं म्हणून. पेन्शन फंड, विमा कंपन्या किंवा खासगी ग्राहक असंच काही करत असतील, तर ते छापून सांगत नाहीत.

आता तुमच्या मनातल्या शंकेकडे येतो: पण कधीकधी कुणाला खरंच माहीत असतं ना? असतं. 14 फेब्रुवारी 2013 ला बर्कशायर हॅथवे आणि 3जी कॅपिटल यांनी हाइंझ ही सॉसवाली कंपनी विकत घेत असल्याचं जाहीर केलं, शेअरमागे 72.50 डॉलर देऊन. शेअर तेव्हा साठच्या थोडा वर होता. आदल्या दिवशी स्वित्झर्लंडमधल्या एका खात्यातून हाइंझचे जूनचे 65 चे 2,533 कॉल घेतले गेले होते. खर्च सुमारे 90 हजार डॉलर, आणि घोषणेनंतर फायदा 17 लाखांच्या वर. अमेरिकेची शेअर बाजार नियामक संस्था एसईसी हिने दुसऱ्याच दिवशी कोर्टात जाऊन ते खातं गोठवलं, आणि पुढे त्याच वर्षी संबंधितांनी सुमारे 50 लाख डॉलर भरून प्रकरण मिटवलं.

या सौद्याचा आकार बघा. 90 हजार डॉलर. तुमच्या ॲपने प्रीमियमनुसार यादी लावली असती तर तुमचे 14.4 लाखांचे पुट वर आले असते आणि हा कुठेतरी खाली राहिला असता. ज्याच्या हाती चोरीची माहिती आहे त्याला गाजावाजा नको असतो, आणि त्याच्याकडे कित्येकदा फंडाएवढे पैसेही नसतात. उलट पंधरा-वीस लाखांचा प्रीमियम एका फटक्यात भरणाऱ्या बहुतेक संस्था असतात, आणि संस्थेकडे त्या पुटाला लागून आणखी काहीतरी असण्याची शक्यता जास्त. म्हणून ‘एवढे पैसे लावले म्हणजे माहीत असणार’ या तर्कावर माझा भरवसा नाही. अनुभव सांगतो की रक्कम जितकी मोठी, तितका तो सौदा हेज किंवा एखाद्या मोठ्या मांडणीचा तुकडा असण्याचा संभव वाढतो. शिवाय हाइंझचा सौदा संशयास्पद ठरला तो खातं बघता आलं म्हणून. खातं कुणाचं आणि त्यातून आधी काय व्हायचं, हे नियामकाला मागवता येतं. आपल्याला नाही.

आणि खातं बघितल्यावर गोष्ट पूर्ण उलटीही निघू शकते. याचं सर्वांत गंभीर उदाहरण 11 सप्टेंबर 2001 च्या हल्ल्यांचं आहे. 6 सप्टेंबरला युनायटेड एअरलाइन्सच्या मूळ कंपनीचे पुट अचानक मोठ्या प्रमाणावर घेतले गेले आणि 10 सप्टेंबरला अमेरिकन एअरलाइन्सचे. दुसऱ्या दिवशी याच दोन कंपन्यांची विमानं हल्ल्यात वापरली गेली. यापेक्षा ठळक ‘सिग्नल’ कल्पनेतही बसवता येणार नाही. साहजिकच जगभर चर्चा झाली की कुणाला तरी आधी माहीत होतं.

एसईसी आणि एफबीआयने ते सौदे एकेक करून खात्यापर्यंत नेले, आणि 2004 च्या 9/11 आयोगाच्या अहवालात निष्कर्ष आला. युनायटेडच्या त्या पुटांपैकी 95 टक्के एकाच अमेरिकन संस्थेने घेतले होते. अल कायदाशी तिचा कसलाही संबंध असणं शक्य नव्हतं. त्याच व्यूहाचा भाग म्हणून तिने 10 सप्टेंबरला अमेरिकन एअरलाइन्सचे 1,15,000 शेअर विकतही घेतले होते. म्हणजे सगळ्याच विमान कंपन्या कोसळणार यावर तिने पैसे लावले होते असं दिसत नाही, एक दुसरीपेक्षा बरी चालेल असाच तिचा होरा असावा. आणि अमेरिकन एअरलाइन्सच्या पुटांचा मोठा भाग एका ऑप्शन न्यूजलेटरपर्यंत जाऊन पोचला. त्या न्यूजलेटरने रविवारी, 9 सप्टेंबरला, आपल्या वर्गणीदारांना फॅक्सने तीच शिफारस केली होती.

याच सौद्यांवर ॲलन पोटेशमन या अभ्यासकाने 2006 मध्ये संख्याशास्त्रीय संशोधन प्रसिद्ध केलं. त्यांना आढळलं की हल्ल्याआधीच्या दिवसांतली पुट खरेदी नेहमीच्या मानाने असाधारण होती, आणि आधी माहिती असलेल्यांनी सौदे केले असते तर दिसलं असतं त्याच्याशी ती जुळते. मला या दोन निष्कर्षांत विसंगती वाटत नाही. एक सांगतो की आकडा असाधारण होता. दुसरा सांगतो की तो कुणी आणि कशासाठी केला. आकडेवारी कितीही बारकाईने तपासली तरी तिथे फॅक्स मशीन दिसत नाही. तुमच्या ॲपला तर ‘असाधारण’ हा पहिला भागही ढोबळपणेच कळतो.

मग ऑप्शनच्या सौद्यांत माहिती नसतेच का? असते. याच पोटेशमन यांनी जुन पॅन यांच्यासोबत शिकागोच्या सीबीओई एक्स्चेंजचा 1990 ते 2001 चा डेटा घेऊन दाखवलं की नवे पुट आणि नवे कॉल यांच्या खरेदीचं प्रमाण पुढच्या काही दिवसांतल्या शेअरच्या हालचालीबद्दल काहीतरी सांगतं. पण त्यांच्याकडे कोणती खरेदी नवी पोझिशन उघडणारी होती आणि ती कोणत्या प्रकारच्या ग्राहकाची होती, याची एक्स्चेंजकडची खात्रीची नोंद होती. तोच प्रयोग त्यांनी सगळ्यांना दिसणाऱ्या माहितीवर, बिड-आस्कवरून अंदाज बांधून केला, तेव्हा त्यातला अर्थ जवळजवळ विरून गेला. तुम्ही जिथे उभे आहात ती जागा म्हणजे हा दुसरा प्रयोग. शिवाय पहिला निष्कर्षही हजारो सौद्यांच्या सरासरीचा आहे, एका सौद्याचा नाही.

एवढं सगळं असूनही, असा अलर्ट समोर आला तर मी तो टाकून देत नाही. मी काय बघतो ते सांगतो, आणि तुम्हालाही ते बघता येईल.

पहिली गोष्ट दुसऱ्या दिवशी सकाळची. ओपन इंटरेस्ट ऑप्शन्स क्लिअरिंग कॉर्पोरेशन दिवसातून एकदाच काढते, आदल्या दिवसाचा हिशेब जुळल्यावर. तुमच्या 800 चे सुमारे 12,800 झाले असतील तर दोन्ही बाजूंनी नवी पोझिशन उघडली आणि ती रात्रभर ठेवली. 800 च्या आसपासच राहिले तर ते पुट त्याच दिवशी फिरून बंद झाले असण्याची शक्यता आहे, आणि मग विषय संपला. मात्र वाढ दिसली तरी ‘कुणीतरी घेतले’ आणि ‘कुणीतरी विकले’ या दोन्ही गोष्टी तेवढ्याच खऱ्या असतात, हे विसरू नका. ओपन इंटरेस्ट बाजू सांगत नाही.

दुसरी गोष्ट त्याच सेकंदाची. त्या शेअरचे त्या क्षणी आणखी कोणते ऑप्शन गेले ते बघा: जवळच्या महिन्याचे 12,000 पुट, 40 चे पुट, एखादा कॉल, तेवढ्याच किंवा दुपटीच्या संख्येत. तसं काही सापडलं तर तुमचा सौदा जोडीतला एक आहे. ओप्रावर अनेक ऑप्शन एकत्र झालेल्या आणि शेअरशी बांधलेल्या सौद्यांना वेगळे कोड असतात. ॲपमध्ये सौद्याचा प्रकार दिसत असेल तर तो वाचा. मग शेअरची टेप, म्हणजे सौद्यांची क्रमवार नोंद, बघा. त्याच मिनिटात पावणेतीन लाखांच्या आसपास शेअरचा एक ठोक सौदा, बहुधा एक्स्चेंजबाहेर नोंदलेला, दिसला तर वर सांगितलेला दुसरा माणूस असण्याची दाट शक्यता. काही सापडलं नाही तर मात्र ‘दुसरा भाग नाही’ असं समजू नका. 12 लाख शेअर त्या फंडाने दोन वर्षांपूर्वी घेतलेले असतील. ते आजच्या टेपवर कसे येतील?

‘स्वीप’ या शिक्क्याचंही सांगतो, कारण त्याला फार महत्त्व दिलं जातं. अमेरिकेत पंधराहून जास्त ऑप्शन एक्स्चेंज आहेत, आणि ऑर्डर एकदम सगळीकडे फोडून मिळेल तो माल उचलणं म्हणजे स्वीप. ॲप म्हणतं, घेणारा घाईत होता. बऱ्याचदा तो ब्रोकरच्या यंत्रणेचा ऑर्डर पाठवण्याचा रोजचा मार्ग असतो. त्यावरून माणसाची घाई ठरवू नये.

तिसरी गोष्ट, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत उपयोगाची, म्हणजे भावाला काय झालं. सौद्याआधी या पुटाची इम्प्लाइड व्होलॅटिलिटी, म्हणजे पुटाच्या भावात धरलेली शेअरची हालचाल, समजा 40 होती. सौद्यानंतर ती 43 वर गेली आणि तिथेच टिकली, तर मार्केट मेकरांनी धोक्याची किंमत वाढवली आहे. विकणारेही सावध झालेत, याचा हा खरा पुरावा. तासाभरात ती परत 40 वर आली, तर बाजाराने तो सौदा पचवला. यातूनही दिशा कळत नाही, पण मोठी हालचाल अपेक्षित आहे का, एवढं कळतं. सोबत कंपनीच्या निकालाची तारीख त्या मुदतीच्या आत येते का ते बघा. औषधाच्या मंजुरीची किंवा कोर्टाच्या निकालाची तारीखही असू शकते. आत येत असेल तर पुट घेण्याचं साधं, सगळ्यांना माहीत असलेलं कारण तिथेच असतं.

भारतातल्या वाचकांसाठी एक गोष्ट. एनएसईच्या ऑप्शन चेनवर ओपन इंटरेस्टमधला बदल दिवसभर दिसत राहतो, ही सोय तिथे जास्त आहे. पण ‘पुट रायटिंग झालं’ किंवा ‘कॉल रायटरांनी छत बांधलं’ ही विधानं ओपन इंटरेस्ट वाढला आणि भाव पडला की चढला, यावरून काढलेला अंदाजच असतो. पुढाकार कुणाचा आणि त्याच्या हाती शेअर किंवा फ्युचर आहेत का, हे तिथेही कळत नाही.

आता तुमचे दोन प्रश्न. पुट घ्यावेत का? या अलर्टवरून मी घेणार नाही, आणि त्यामागे भावाचं सरळ गणित आहे. त्याला 1.20 ला मिळाले. व्होलॅटिलिटी तीन अंकांनी चढली असेल तर तुम्हाला तेच पुट शेअर जागेवर असतानाही 1.40 च्या आसपास पडतील. म्हणजे सुरुवातीलाच सहाव्या हिश्शाने महाग. त्याने घेतलेलं तुम्हाला दिसलं. तो परवा तुकड्यातुकड्यांत विकून बाहेर पडला तर दिसणार नाही, कारण दोनशे-तीनशेच्या सौद्यांना अलर्ट येत नाही. तुम्ही मुदतीपर्यंत धरून बसाल आणि तुम्हाला शेअर 43.60 च्या खाली गेला तरच काही सुटेल.

शेअर विकावा का? ते तुमच्या खात्यावर अवलंबून आहे. हा एकच शेअर तुमच्या एकूण गुंतवणुकीच्या पाचव्या हिश्शाएवढा असेल आणि निकाल तोंडावर असेल, तर तो कमी करण्याचं कारण अलर्टच्या आधीही होतं आणि आजही आहे. तो दोन-तीन टक्केच असेल आणि ज्या कारणासाठी घेतला ते टिकून असेल, तर कुणा अनोळखी फंडाने आपल्या मालाचा विमा उतरवला असेल म्हणून तो विकू नका. हा शेअर तुमच्या गुंतवणुकीचा किती हिस्सा आहे, कंपनीचा निकाल कधी आहे आणि उद्या सकाळी ओपन इंटरेस्ट किती दिसतो, हे तीन आकडे कळवा. म्हणजे त्या पाच-सहा जणांपैकी निदान एक-दोघांना बाजूला काढता येईल.